वसुमती अक्कांचा ताशी भाव

वसुमती अक्कांना कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की उत्तर त्यांचे यजमान गुरुराज अण्णाच द्यायचे. "ती घरीच असते." बावीस वर्षं हेच उत्तर. घरीच असायच्या, खोटं नाही. फक्त घराच्या मागच्या खोलीत दोन स्क्रीनसमोर बसून अर्ध्या जयनगरची लग्नं कापत असायच्या, एवढं सांगायचं राहून जायचं. अण्णा लपवायचे, असंही नाही. त्यांच्या डोक्यातच यायचं नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, मी म्हटलं तर शिवी होईल.

मी आसावरी. नागपूरची, आयटीतली, यांच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू. अक्कांच्या घराण्याला बंगळुरात चारशे वर्षं झाली आणि मला चार. पहिल्या महिन्यात त्यांचं मराठी ऐकून मी चाटच पडले होते. "आसावरी, स्वल्प खाली ये, सांबार सांडलं, अय्यो, तिथं पाय ठेवू नको, सरी?" आता मीच नागपूरला फोनवर आईला "बरं"च्या जागी "सरी" म्हणते आणि आई विचारते, बाप्पा, तुला झालं काय?

अण्णांचा खाली व्हिडिओ स्टुडिओ होता. अण्णा कॅमेरा घेऊन मंगल कार्यालयात जायचे, वधूपित्याशी हसून बोलायचे, पहिल्या पंगतीला जेवायचे आणि घरी येऊन टेपा, नंतर नंतर कार्डं, अक्कांच्या टेबलावर टाकायचे. तिथून पुढं सगळं अक्कांचं. एडिटिंगला त्या घरात 'कापणं' म्हणतात. कुणी शिकवलं नाही. मशीनसोबत आलेलं जाडजूड पुस्तक उघडून, चुकून, एका नवरीचं अख्खं कन्यादान पुसून, रडून, बॅकअपमधून परत काढून, अशा त्या शिकल्या. आणि शिकल्या म्हणजे काय शिकल्या! दोन तासांच्या रटाळ मुहूर्तातून नेमकी ती दोन मिनिटं काढायच्या जिथं नवरीचा बाप कुणी बघत नाहीसं पाहून डोळे पुसतो. मी अशी एक कॅसेट पाहिली आणि ओळख ना पाळख, त्या माणसासाठी रडले.

आणि पैसे? लग्नाच्या धंद्यात एक पद्धत आहे. भाव शूटिंगचा लागतो. इतके कॅमेरे, इतके दिवस, इतके रुपये. एडिटिंग त्यातच. लाडूवर बेदाणा लावावा तसं, वेगळा पैसा नाही. अण्णांनी आयुष्यभर असाच भाव सांगितला, म्हणून त्यांच्या हिशेबी एडिटिंग ही फुकटात होणारी गोष्ट होती.

दोन वर्षांपूर्वी अण्णांचे गुडघे गेले आणि ड्रोनवाली पोरं आली. स्टुडिओचं शटर पडलं. अक्कांचं कापणं मात्र सुटेना. भाच्याचं बारसं काप, कुणाची साठी काप, बदल्यात डब्यातून म्हैसूरपाक. मग एक दिवस अण्णा म्हणाले, मागची खोली रिकामीच आहे, बसवंत कुरिअरवाला महिना चौदा हजार देतोय, पार्सलं ठेवायला. ॲडव्हान्सही तयार ठेवलाय त्यानं.

"रिकामी?" मी विचारलं. अक्का आत दोन स्क्रीनसमोर बसल्या होत्या.

"म्हणजे कमाई नाही तिथं," अण्णा म्हणाले.

अक्का बाहेर आल्या. हात पदराला पुसत त्यांनी एवढंच सांगितलं, की एक काम मला मी सांगेन त्या भावानं मिळू दे. खोलीच्या भाड्याहून जास्त त्यातून सुटलं तर खोली माझी. नाही सुटलं तर बसवंतला किल्ली द्या, मी मशीन विकते. अण्णा "आयितु" म्हणाले, म्हणजे ठरलं. पहिल्या तारखेला पंधरा दिवस होते.

काम मी आणलं. शुभंकर म्हणून माझा जुना सहकारी, पुण्याचा, आता इंदिरानगरमधल्या एका कंपनीत मार्केटिंग बघतो. ऑफिसांना कॉफीची मशीन भाड्यानं देतात ते लोक. कंपनीला दहा वर्षं झाली म्हणून सगळे दोन दिवस कोडगूला गेले होते, आणि ज्याच्या हातात फोन होता त्यानं शूट केलं होतं. म्हणजे सगळ्यांनीच. त्यातून चार मिनिटांची एक फिल्म हवी होती आणि फोनवर उभ्या दिसतील अशा तीन छोट्या. मी त्याला अक्कांचा नंबर दिला. फोन वाजला, आणि उचलला कुणी? अण्णांनी.

मी जिन्यात उभी होते. कानांनी ऐकलं.

"चार मिनिटांची? अय्यो, चार मिनिटांना किती लागतंय! शूटिंग तर तुमचंच आहे. पंधरा हजार द्या, सरी? एडिटिंगचे काय पैसे, ते घरचंच आहे."

मला वाटलं, जिन्यावरून खाली उडी मारावी आणि नेमकी त्यांच्या गुडघ्यावर पडावी. पंधरा हजार! खोलीच्या भाड्याहून एक हजार जास्त, तेही वीज आणि डोळे धरायच्या आधी. अक्कांनी फोन त्यांच्या हातातून घेतला, शुभंकरला म्हणाल्या, "आधी फुटेज पाठवा, ते बघून भाव सांगते," आणि ठेवून दिला. अण्णांना काही बोलल्या नाहीत. त्यांचं हेच मला खटकायचं. बोला की हो जरा!

दुसऱ्या दिवशी हार्ड डिस्क आली. सहाशे चौदा फायली, एकोणीस तास चाळीस मिनिटं. बारा जणांचे बारा फोन. काही आडवं, काही उभं, एकात नुसता कुणाच्या खिशातला अंधार आणि त्यात बावीस मिनिटं चाललेलं ओम्लेटविषयीचं भांडण. फायलींना नावं नाहीत, क्रम नाही. एका फोनची तारीख चक्क तीन वर्षं मागची.

"चार मिनिटं," अण्णा दारातून म्हणाले.

"चार मिनिटं बाहेर पडणार," अक्का म्हणाल्या. "आत वीस तास आहेत. आधी आत जायला नको?"

मग त्यांनी भाव काढायला घेतला, आणि मला तिथं बसवलं, कारण ऑफिसात माझं कामच हे आहे, कुठल्या सॉफ्टवेअरला किती तास लागतील ते सांगणं. आजवर माझा एकही अंदाज बरोबर आलेला नाही, पण तक्ता मी देखणा करते. मी लगेच लॅपटॉप उघडून म्हटलं, "निवडायला दहा तास धरू?"

"कशावरून दहा?"

"असंच. बरं दिसतं."

अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी पदवी त्याच क्षणी रद्द झाली. त्यांनी स्वयंपाकघरातलं घड्याळ आणलं, मॉनिटरला टेकवून ठेवलं, एक तासाचं फुटेज असलेला एक फोल्डर उघडला आणि कामाला लागल्या. बघायचं, कामाचं तेवढं वेगळं काढायचं, नाव द्यायचं: 'धुकं, सकाळ', 'मालक नाचतो, बरा', 'मालक नाचतो, नको'. जिथं काहीच नाही तिथं वेग वाढवून पुढं. तास संपला तेव्हा घड्याळात एक तास वीस मिनिटं झाली होती. म्हणजे एकोणीस तास चाळीस मिनिटांना सव्वीस तास. नुसता अंदाज नाही, करून पाहिलेलं.

माझे दहा मी गुपचूप खोडले.

त्याच्याआधी डिस्कवरचं सगळं दोन ठिकाणी उतरवून घेणं आणि फोनच्या फायली बदलून घेणं. फोन दर सेकंदाला कधी तीस चित्रं घेतो, कधी सव्वीस, त्याच्या मर्जीवर. तशीच कापली तर बोलणं आणि ओठ हळूहळू एकमेकांपासून फारकत घेतात. ते काम मशीन करते, पण सुरू करणं आणि तपासणं हाताचं. तीन तास. चार मिनिटांची पहिली जुळणी सोळा. आवाज आणि रंग आठ, कारण बारा फोनांत कोडगूचं आकाश बारा रंगांचं होतं. छोट्या तिन्ही मिळून सहा.

"दुरुस्त्या किती?" मी विचारलं.

"दोनदा. एकेकदा पाच तास. आणि दुरुस्ती म्हणजे एका माणसानं एका कागदावर दिलेली यादी. मालक वेगळं, त्याची बायको वेगळं, असं नाही. एकदा काय झालं, एका लग्नात नवऱ्याकडच्यांनी नवरीची आत्या काढायला लावली, नवरीकडच्यांनी परत घालायला लावली. सहा वेळा! ती आत्या मला अजून ओळखते, मी तिला चुलीत घालीन." मग शांतपणे म्हणाल्या, "तिसऱ्या वेळेपासून ताशी पैसे लिही."

शेवटी एक्सपोर्ट. म्हणजे कापून झालेली फिल्म एकसंध फाईल होऊन बाहेर पडते ते. मी म्हटलं, अक्का, हे तर मशीन करते, तुम्ही चहा प्या, याचे तास कसले धरता? खरं सांगते, मला वाटलं मी फार प्रामाणिक बोलले.

अक्कांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "मशीन करत असते तेव्हा मशीनवर दुसरं काम होतंय का? नाही. आणि बाहेर पडलेली फाईल न बघता पाठवायची? मी एकदा पाठवली. मंगळसूत्र बांधतानाचे अकरा सेकंद काळे. नुसते काळे. आवाज येतोय, वाजंत्री वाजतायत आणि पडदा काळा. नवरीची आई आली होती घरी. ओरडली असती तर बरं झालं असतं, ती नुसती बसून राहिली. तेव्हापासून प्रत्येक फाईल पहिल्यापासून शेवटपर्यंत बघते. चार फायली, काढणं, बघणं, चढवणं, दीड तास. पहिल्यांदा एकदा, दोन दुरुस्त्यांनंतर दोनदा. साडेचार तास. लिही."

मी लिहिलं. गिऱ्हाइकाशी बोलण्याचे अडीच. बेरीज शहात्तर. ताशी आठशे. साठ हजार आठशे.

आकडा स्क्रीनवर आला तेव्हा अक्कांनी तोंडावर हात ठेवला. "बेड, आसावरी, नको. हे फार होतंय. चाळीस कर."

"कुठले पंचवीस-सव्वीस तास खोडू, सांगा," मी म्हटलं. "आत्याचे खोडू? का अकरा सेकंदांचे?"

त्यांनी तक्ता वरून खाली, परत खालून वर वाचला. एकही ओळ खोडवेना. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या डब्यातला म्हैसूरपाक न विचारता खाल्ला.

इंदिरानगरला आम्ही तिघं गेलो. अण्णांना नेलं नसतं, पण ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आधीच रिक्षात बसले होते. शुभंकरच्या ऑफिसात सगळं काचेचं, आणि कॉफी मात्र पाणचट, कॉफीमशीनच्या कंपनीत. त्यानं तक्ता वाचला आणि त्याचा चेहरा उतरला.

"काकू, हे जरा... म्हणजे काका फोनवर फिफ्टीन म्हणाले होते. मी तसं वर अप्रूव्ह करून घेतलंय."

अण्णा लगेच खुर्चीत पुढं सरकले. "हो हो, मीच बोललो. शब्द म्हणजे शब्द. पंधरात होऊन जाईल, काही काळजी नको."

बसवंतची पार्सलं मला त्या खोलीत दिसायला लागली.

अक्का हसल्या. गोड हसल्या, तेच वाईट. "बरोबर आहे. ह्यांचा शब्द, तर पंधरात हेच करतील. पहिल्यापासून शेवटपर्यंत ह्यांच्याच हातानं. मी मध्ये बोट घालणार नाही. माझ्याकडनं हवं असेल तर हे तास."

शुभंकरनं आशेनं अण्णांकडे पाहिलं. "काका, तुम्ही कुठलं सॉफ्टवेअर वापरता?"

बावीस वर्षं त्या खोलीत ये-जा केलेल्या माणसाला नाव आठवेना. "ते... निळ्या रंगाचं असतंय," ते म्हणाले.

देवा शप्पथ सांगते, मी हसले नाही. खोकले.

शुभंकर वाईट माणूस नाही, फक्त पुण्याचा आहे. त्यानं विचारलं, कमी कसं करता येईल? अक्कांनी बोट सव्वीसवर ठेवलं. "इथं. निवडणं तुम्ही करा. वीस तासांतलं चांगलं दोन तास मला काढून द्या, तेवढं बघायला मला तीन तास पुरतात. तेवीस तास जातील, अठरा हजार चारशे कमी. बेचाळीस हजार चारशे. दुरुस्त्या कमी करायला सांगू नका, त्या तुम्हीच वाढवणार."

"सिंपल आहे," शुभंकर म्हणाला. "आमच्याकडेच करून घेतो. पंधराच्या वरचे पैसे मंजूर होतात का, ते वर विचारतो."

रिक्षात अण्णा म्हणाले, "काम गेलं. साठ हजार म्हणे! लोक काय म्हणतील?" अक्का बाहेर बघत बसल्या. त्यांचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते. मला तेव्हा कळलं की त्या आत किती घाबरल्या होत्या. बेचाळीस म्हणजे भाड्याच्या तिप्पट, काम मिळालं तर खोली वाचत होती. पण मिळालं पाहिजे ना.

एक दिवस गेला. दोन गेले. बसवंत येऊन खोलीची लांबी-रुंदी मोजून गेला, माझ्यासमोर, अक्कांच्या खुर्चीला वळसा घालून. त्याची टेप अडकेल अशा जागी मी पाय ठेवला, एवढंच माझ्या हातात होतं.

चौथ्या दिवशी दुपारी शुभंकरचा फोन आला. या वेळी अक्कांनी उचलला, स्पीकरवर. त्याचा आवाज बसला होता.

"काकू, चार दिवसांत एक्काहत्तर फायली झाल्या. सहाशे चौदापैकी. ज्याला त्याला आपलीच क्लिप हवी आहे. सेल्सवाले म्हणतात एचआरवाल्यांनी त्यांची उडवली. दोघं बोलत नाहीयेत एकमेकांशी. एक जण त्या ओम्लेटवरून परत भांडला. मी स्वतः रविवारी बसलो, पाच तासांत तीन तासांचं बघून झालं, आणि काय निवडलं ते आता मलाच सापडत नाहीये. तुम्ही तो पहिला तक्ता... तो साठवाला... अजून आहे ना?"

"आहे," अक्का म्हणाल्या. "साठ हजार आठशे. अर्धे आधी. दुरुस्तीची यादी तुमच्या एकट्याची. सेल्स, एचआर, मालक, सगळ्यांचं तुम्ही एका कागदावर आणायचं."

"वर बोललोय मी. त्यांना तो रविवारचा फोल्डर दाखवला. लगेच हो म्हणाले. बिल कुणाच्या नावानं मागवू? स्टुडिओच्या?"

अण्णा सोफ्यावरून उठायला लागले. गुडघे आड आले.

"वसुमती," अक्का म्हणाल्या. "माझ्या नावानं. खात्याचा नंबर आसावरी पाठवेल." फोन ठेवला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी, आणि हसताहेत. मी त्यांना मिठी मारली. आमच्या नागपूरकडे मिठी मारतात तशी, बरगड्या मोजून. अण्णांनी आपणहून बसवंतला फोन लावला आणि खोली नाही म्हणून सांगितलं. एवढं मात्र केलं त्यांनी, मान्य करते.

संध्याकाळी तीस हजार चारशे जमा झाल्याचा मेसेज आला. अक्का कामाला बसल्या होत्या. अण्णा तो तक्ता हातात घेऊन दाराजवळच्या स्टुलावर बसले. पहिल्यांदाच नीट वाचत होते, ओळीखाली बोट फिरवत.

"हे सगळं," त्यांनी विचारलं, "लग्नांनाही लागायचं?"

"लागायचं की."

"एका लग्नाला किती तास?"

अक्का स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाल्या, "सरासरी सत्तर धरा."

अण्णांनी फोन काढला. "लग्नं किती झाली आपली? नऊशे?"

"नऊशेच्या वरच. नऊशे धरा."

मी दारातच उभी होते, माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. अण्णांनी सत्तरला नऊशेनं गुणलं. त्रेसष्ट हजार तास. मग बोट आठशेपाशी थांबलं, आणि तरी त्यांनी दाबलं. आकडा त्यांना दोनदा मोजावा लागला, शून्यं पुष्कळ होती.

"पाच कोटी चार लाख," ते हळूच म्हणाले. "वसू, एवढे माझ्याकडे नाहीत."

अक्कांनी माऊस सोडला. खुर्ची वळवली. रागावलेल्या नव्हत्या, तेच बघवेना.

"मी पैसे कुठं मागितले?" त्या म्हणाल्या. "किती वेळ लागला, एवढं तुम्ही मला कधी विचारलं होतं का, ते सांगा."

अण्णांनी फोन खिशात ठेवला. काहीतरी आठवतंय का ते खरंच बघत होते. अख्ख्या बावीस वर्षांत शोधत होते.

"नाही," ते म्हणाले.